लसीकरण शिबिराच्या चित्राखालील मजकूर

शाळेच्या दर्शनी भिंतीवर किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर एखादे चित्र लावावे आणि त्याखाली चार-सहा ओळी लिहाव्यात, हे काम खेड्यातील शिक्षकाकडे आपोआपच येते. अक्षर त्याचे चांगले असते आणि गावाचा त्याच्या शब्दावर विश्वास असतो. आरोग्य खात्याकडून आलेले परिपत्रक बहुधा कार्यालयीन भाषेत असते. ते जसेच्या तसे उतरवून काढले तर कोणी वाचीत नाही, आणि आपल्या मनाने सोपे करावयास जावे तर त्यातील नेमका शब्द गळून पडतो. लसीकरणाच्या बाबतीत अशा गळलेल्या एका शब्दाचा परिणाम आठवडाभराने गावात दिसू लागतो. म्हणून चित्राखालील मजकूर कसा लिहावा, याचा विचार एका प्रत्यक्ष मोहिमेच्या आधारे करणे बरे.

महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली. नऊ महिने पूर्ण झालेल्या व पंधरा वर्षे पूर्ण न झालेल्या प्रत्येक मुलामुलीला या लसीची एक मात्रा द्यावयाची होती, आणि आरंभीचे दिवस शाळांसाठी राखून ठेवलेले होते. त्यामुळे अमरावती व अकोला जिल्ह्यांतील शाळांच्या ओसरीवरच लस टोचण्याची टेबले मांडली गेली. तो हंगाम वऱ्हाडात कापूस वेचणीचा असतो. आईबाप सकाळीच वावरात जातात आणि दिवेलागणीला परततात. फलकावरचा मजकूर त्यांच्यापर्यंत पोहोचतो तो मुलाच्या तोंडून किंवा पारावर कोणी मोठ्याने वाचून दाखविला तर. असा मजकूर डोळ्यांपेक्षा कानांसाठीच अधिक लिहावयाचा असतो, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवावी.

अशा प्रसंगी फलकांवर नेहमी आढळणारा मजकूर साधारणतः या थाटाचा असतो: ‘सावधान! गोवर व रुबेला या जीवघेण्या रोगांपासून आपल्या पाल्याचा बचाव करा. ९ ते १५ वयोगटातील सर्व बालकांना लसीकरण सक्तीचे आहे. लस पूर्णतः सुरक्षित असून कोणताही दुष्परिणाम होत नाही. आजच लाभ घ्या.’ आणि वर चित्र असते ते एका बाळाच्या तोंडात थेंब पाडीत असलेल्या परिचारिकेचे, कारण कार्यालयात तेवढेच चित्र हाताशी असते.

चित्रापासूनच आरंभ करू. तोंडात थेंब घालतात ते पोलिओचे. गोवर-रुबेलाची लस टोचून द्यावी लागते, आणि ती उजव्या दंडात त्वचेखाली टोचतात. वरील चित्र पाहून ज्या मुलाने ‘थेंब मिळणार’ अशी समजूत करून घेतली, त्याच्यापुढे शिबिराच्या दिवशी सुई आली म्हणजे तो रडतो, पळतो, आणि त्याच्यामागे उभी असलेली रांग मोडते. मजकूर कितीही चांगला असला तरी तो चित्राशी जुळत नसेल तर लोक चित्रावर विश्वास ठेवतात. योग्य चित्र नसेल तर नुसता मजकूर लावणे अधिक चांगले. चित्र असेलच तर त्यात मूल रडत असू नये आणि सुई मुलाच्या दंडापेक्षा मोठी दिसू नये. मूल आपल्या शाळेतील असल्यास पालकांना विचारल्याशिवाय त्याचे छायाचित्र वापरू नये.

आता ‘सावधान’ हा शब्द पाहा. सावधान कशापासून राहावयाचे? रोगापासून की लशीपासून? पारावर हा मजकूर वाचून दाखविला जातो तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात ‘सावधान’ आणि ‘लस’ हे दोन शब्द एकत्र राहतात, मधले सारे विरून जाते. ‘जीवघेण्या’ या शब्दातही असाच दोष आहे. गोवराने लहान मुले दगावतात हे खरे. त्यात न्यूमोनिया होतो, जुलाब लागतात, आणि कुपोषित मुलाला तो फार जड जातो. परंतु ज्या आजीने पाच नातवंडांचा गोवर घरच्या घरी पाहिला आहे आणि पाचही जणांना बरे होताना पाहिले आहे, तिला ‘जीवघेणा’ हा शब्द खोटा वाटतो, आणि एक शब्द खोटा वाटला की पुढचे सगळेच खोटे वाटू लागते. रुबेलाच्या बाबतीत तर हा शब्द मुळातच चुकीचा आहे. मुलांना रुबेला होतो तो बहुधा सौम्य असतो. त्याचा खरा धोका गर्भाला असतो. गर्भारपणाच्या पहिल्या काही महिन्यांत आईला रुबेला झाला तर गर्भपात होऊ शकतो, किंवा जन्मणारे मूल बहिरे, अधू दृष्टीचे अथवा हृदयाचा दोष घेऊन येऊ शकते. हे एका वाक्यात सांगता येते, आणि सांगितल्यावर ‘मग मुलग्यांना कशाला टोचता?’ या प्रश्नालाही उत्तर देता येते: मुलगा हा रोग घरात आणू शकतो आणि घरात गर्भार बाई असू शकते.

‘लस पूर्णतः सुरक्षित असून कोणताही दुष्परिणाम होत नाही’ हे वाक्य सद्भावनेने लिहिले जाते, आणि सर्वांत अधिक नुकसानही तेच करते. गोवराची लस ही जिवंत परंतु दुबळ्या केलेल्या विषाणूंची असते. ती शरीरात गेल्यावर हे विषाणू काही दिवस वाढतात आणि त्यांच्याशी झुंजताना शरीराची प्रतिकारशक्ती तयार होते. म्हणून या लशीचा ताप त्याच दिवशी न येता सातव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास येतो. ज्यांना पूर्वी ही लस मिळालेली नाही अशा शंभर मुलांपैकी सुमारे पाच ते पंधरा मुलांना असा ताप येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. काहींच्या अंगावर थोडे पुरळही उठते. टोचल्या जागी दुखणे मात्र त्याच दिवशी जाणवते आणि लवकरच थांबते.

याचा हिशेब गावाच्या मापाने करून पाहावा. एखाद्या गावात शंभर अशी मुले आहेत आणि त्यांना मंगळवारी लस टोचली. पुढच्या आठवड्याच्या मंगळवारपासून रविवारपर्यंत त्यांपैकी दहाएक घरांतून ‘पोराचे अंग तापले’ असे ऐकू येणार. त्या वेळी परिचारिका गावात नसते, टेबल उचलले गेलेले असते, फक्त फलकावरचा मजकूर उरलेला असतो आणि त्यात लिहिलेले असते की कोणताही त्रास होत नाही. मग दहा घरे एकमेकांना सांगतात, आणि ज्या मुलांचे टोचावयाचे राहिले आहे त्यांचे आईबाप पुढील सत्राला येत नाहीत. याउलट, ‘साधारण एका आठवड्यानंतर काही मुलांना एक-दोन दिवस ताप येतो’ असे आधीच लिहिलेले असेल तर त्याच तापाचा अर्थ पालटतो. आई म्हणते, ‘गुरुजींनी लिहिले होते तसेच झाले.’ ताप तोच असतो. त्याची कल्पना आधी दिली होती की नव्हती एवढ्यावरून गाव भिते किंवा शांत राहते.

सांगितल्याने लोक बिचकतील, म्हणून न सांगणेच बरे, असे पुष्कळ सज्जन माणसांना वाटते. हा वाद न्यायालयापर्यंतही गेलेला आहे. दिल्लीत हीच मोहीम शाळांतून सुरू व्हावयाची होती तेव्हा पालकांच्या संमतीचा प्रश्न उपस्थित झाला. जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पालकांच्या संमतीशिवाय मुलांना लस टोचता येणार नाही असा निर्णय दिला. जाहिरातीत लशीचे संभाव्य परिणाम व ती कोणाला देऊ नये हे नमूद केल्यास पालक मागे हटतील, म्हणून ते गाळावे, हा युक्तिवादही न्यायालयाने स्वीकारला नाही. तो निर्णय दिल्लीपुरता होता. तथापि फलक लिहिणाऱ्याने त्यातून दोन गोष्टी घ्याव्यात. ‘सक्तीचे’ हा शब्द वापरू नये, आणि होणारा त्रास लपवू नये.

त्रास सांगावयाचा म्हणजे परिचारिकेच्या प्रशिक्षण-पुस्तिकेतील सारी यादी उतरवून काढावयाची असे नव्हे. लशीमुळे तीव्र ॲलर्जी होऊन एकाएकी श्वास कोंडणे व रक्तदाब उतरणे हा प्रकार घडू शकतो, परंतु तो दहा लाख मात्रांमागे एक ते चार मुलांत आढळणारा, अत्यंत विरळा आहे. तो घडलाच तर बहुधा पहिल्या काही मिनिटांत घडतो, म्हणूनच टोचल्यावर मुलाला अर्धा तास बसवून ठेवतात आणि त्यावरचे औषध टेबलावर तयार असते. फलकावर ‘ॲलर्जीने श्वास कोंडू शकतो’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले तर शंभरात दहांना होणारा ताप आणि दहा लाखांत एखाद्याला होणारा हा प्रकार वाचणाऱ्याच्या मनात एकाच मापाचे ठरतात. येथे ‘टोचल्यावर अर्धा तास शाळेतच थांबावे, परिचारिका लक्ष ठेवील’ एवढे पुरे. ते खरे आहे आणि त्यात काय करावयाचे तेही आले. ज्याला अधिक जाणून घ्यावयाचे असेल त्याने कोणाला विचारावे, हे मात्र खाली अवश्य द्यावे. नेहमी होणारे ते फलकावर मोकळेपणाने लिहावे आणि विरळा होणाऱ्यासाठी काय व्यवस्था केली आहे ते सांगावे, असा हा भेद आहे.

‘दुष्परिणाम’ हा शब्दही टाळता आला तर टाळावा. त्यातील ‘दुष्’ ऐकणाऱ्याला काही तरी वाईट हेतू असल्यासारखा भासतो, आणि दोन दिवसांच्या तापाला तो फार भारी पडतो. ‘टोचल्यानंतर काय होते’ असे साध्या भाषेत म्हणावे. ‘लसीकरण’ हा शब्द आता रूढ झाला आहे, तो शीर्षकात राहू द्यावा. पण वाक्यात ‘लस टोचणे’ हेच म्हणावे, कारण वृद्ध माणसांच्या मनात ‘टोचणे’ या शब्दाला जुना आधार आहे. देवी टोचल्याचा वण आजही पुष्कळ आजी-आजोबांच्या दंडावर दिसतो, आणि देवीचा रोग देशातून १९७५ नंतर दिसला नाही हे त्यांनी स्वतः पाहिले आहे. ‘प्रतिबंधात्मक मात्रा’, ‘लाभार्थी’, ‘लक्ष्यगट’ हे शब्द कार्यालयाच्या तक्त्यात शोभतात, फलकावर नाही.

आता वयाचे पाहू. वरील नमुन्यात ‘९ ते १५’ असे आहे. नऊ महिने की नऊ वर्षे, हे कोठे आहे? शाळेच्या भिंतीवर हा आकडा वाचणारी आई नऊ वर्षेच समजणार, आणि घरातील चार वर्षांचे मूल घरीच ठेवणार. परिपत्रकात ‘महिने’ हा शब्द असतो. तो उतरवून घेताना गळतो, आणि गावातील बालवाडीची सारी मुले शिबिराबाहेर राहतात. पुन्हा ‘ते १५’ म्हणजे पंधरावे संपेपर्यंत की पंधरा पूर्ण होईपर्यंत? मोहिमेत पंधरा वर्षे पूर्ण न झालेली मुलेच होती. म्हणून ‘नऊ महिने पूर्ण झालेली व पंधरा वर्षे पूर्ण न झालेली’ असे लांबले तरी लिहावे. येथे संक्षेप उपयोगाचा नाही.

या मोहिमेतील आणखी एक गोष्ट पालकांना हमखास अडखळविणारी होती. लहानपणी गोवराची लस घेतलेल्या मुलांनाही ही मात्रा पुन्हा द्यावयाची होती. ‘गुरुजी, आमच्या पोरीले लहानपनीच टोचलं हाये, आता कायले?’ हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर मजकुरातच हवे. पहिली मात्रा नऊ महिन्यांच्या सुमारास देतात तेव्हा ती शंभरातील सुमारे पंच्याऐंशी मुलांतच लागू पडते. राहिलेल्यांना पुढच्या मात्रेने संरक्षण मिळते. कोणाला लागू पडली आणि कोणाला नाही हे वरून दिसत नाही, म्हणून सर्वांना देतात, आणि जिला आधीच लागू पडली आहे तिला पुन्हा टोचल्याने अपाय होत नाही. हे सारे फलकावर मावणार नाही. ‘पूर्वी टोचली असली तरी या वेळी पुन्हा टोचावी’ एवढे लिहावे आणि बाकीचे तोंडी सांगण्यासाठी तयार असावे. यावरूनच ‘लस घेतली की गोवर होणारच नाही’ असे लिहिणेही चुकीचे ठरते. दोन मात्रांनंतरही शंभरात दोन-चार मुलांना गोवर होऊ शकतो. ‘गोवर टाळता येतो’ असे म्हणावे.

कोणाला टोचू नये याविषयी फलक लिहिणाराच अनेकदा आपल्या मनाचे नियम करतो. ‘आजारी मुलांना आणू नये’ असे एकदा लिहिले की सर्दीचे, खोकल्याचे, जुलाबाचे, आणि हाडकुळे म्हणून आजारीच समजले जाणारे असे प्रत्येक मूल घरी राहते. वस्तुतः साधी सर्दी, हगवण किंवा कुपोषण हे लस न देण्याचे कारण नाही. मेळघाटातील धारणी-चिखलदऱ्याकडील हाडकुळ्या मुलाला गोवर झाला तर त्याला धोका अधिक, म्हणून त्याला लशीची गरजही अधिक. जोराचा ताप किंवा मोठे दुखणे, दवाखान्यात दाखल असणे, पूर्वी याच लशीने तीव्र ॲलर्जी झालेली असणे, प्रतिकारशक्ती दुबळी करणारा रोग किंवा तशी औषधे चालू असणे, ही खरी कारणे होत. त्यांचा निर्णय परिचारिकेने व वैद्यकीय अधिकाऱ्याने करावयाचा आहे, फलकाने नाही. म्हणून ‘आणू नये’ ऐवजी ‘टोचण्यापूर्वी सांगावे’ असे लिहावे. या दोन शब्दांत फार अंतर आहे.

अफवांचा उल्लेख मजकुरात करावा काय? २०१७ साली तमिळनाडूत व नंतर इतरत्रही या लशीविषयी मोबाइलवरून खोटे निरोप पसरले होते, आणि काही ठिकाणी पालकांनी त्यामुळे मुलांना शाळेतच पाठविले नाही. तरीही फलकावर ‘या लशीने मुले होत नाहीत ही अफवा आहे’ असे लिहू नये. ज्या दहा जणांनी ती अफवा ऐकली नव्हती त्यांनाही ती शाळेच्या भिंतीवरून कळते, आणि ऐकणाऱ्याच्या ध्यानात नेमका ‘अफवा’ हा शब्दच राहत नाही. शंका घेऊन येणाऱ्याला तोंडी, निवांतपणे सांगावे.

या सर्व गोष्टी ध्यानी घेऊन त्या मोहिमेतील एखाद्या गावासाठी मजकूर असा झाला असता. चित्रात परिचारिका एका मुलाच्या उजव्या दंडात लस टोचीत आहे आणि त्याची आई शेजारी बसली आहे. तारीख नमुन्यादाखल घातली आहे.

‘गोवर-रुबेला लसीकरण. मंगळवार, ४ डिसेंबर २०१८, सकाळी १० वाजल्यापासून, आपल्या शाळेत. वयाचे नऊ महिने पूर्ण झालेल्या व पंधरा वर्षे पूर्ण न झालेल्या सर्व मुलामुलींना ही लस टोचावयाची आहे. पूर्वी टोचली असली तरी या वेळी पुन्हा टोचावी. या लशीने गोवर टाळता येतो, आणि पुढे गर्भातील बाळाला रुबेलापासून होणारा अपायही टाळता येतो. लस उजव्या दंडात एकदाच टोचतात. मुलाला जेवू घालून आणावे. टोचल्यावर अर्धा तास शाळेतच थांबावे; परिचारिका लक्ष ठेवील. त्या दिवशी दंड दुखतो. साधारण एका आठवड्यानंतर काही मुलांना एक-दोन दिवस ताप येतो किंवा थोडे पुरळ उठते, आणि ते आपोआप जाते. ताप दोन दिवसांहून अधिक राहिला, किंवा मूल मलूल वाटले, तर आरोग्यसेविकेला कळवावे. मूल फार आजारी असेल, त्याला मोठ्या रोगाचे औषध चालू असेल, किंवा पूर्वी लस टोचल्यावर मोठा त्रास झाला असेल, तर टोचण्यापूर्वी सांगावे. विचारावयाचे असल्यास: आरोग्यसेविकेचे नाव व फोन क्रमांक.’

हा मजकूर पहिल्या नमुन्याच्या तिपटीहून मोठा आहे, हे खरे. पण त्यातील पहिल्या दोन वाक्यांची अक्षरे मोठी काढली आणि उरलेले मध्यम अक्षरांत लिहिले तर तो एका मोठ्या कागदावर सहज बसतो. लावण्यापूर्वी तो चौथीतील एका मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावा आणि वर्गाबाहेरच्या एखाद्या माणसाला विचारावे: कोणाला आणावयाचे? केव्हा? नंतर ताप आला तर काय करावयाचे? या तीनपैकी एकाचेही उत्तर चुकले तर वाक्य बदलावे, माणसाला दोष देऊ नये. बाळापूर, अचलपूर यांसारख्या ठिकाणी जेथे उर्दू शाळा आहेत तेथे उर्दू मजकूर मराठीच्या शेजारी त्याच आकारात असावा, आणि तो त्या शाळेच्या शिक्षकाने स्वतंत्रपणे लिहावा. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या घरांसाठी लिहिण्यापेक्षा आशा सेविकेकडून सांगविणे अधिक उपयोगी. तिला हाच मजकूर देऊन, याच क्रमाने सांगावयास सांगावे.

शिबिर झाल्यावर त्याचे छायाचित्र पुन्हा फलकावर लागते किंवा वृत्तपत्राकडे जाते, आणि त्याखाली ‘शंभर टक्के लसीकरण यशस्वी’ असे लिहिण्याचा मोह होतो. येथे एक हिशेब उदाहरणासाठी घेऊ. शाळेचा पट १२६. त्या दिवशी हजर ११४. त्यांपैकी १०८ मुलांना लस टोचली, तीन आजारी होती, तिघांच्या पालकांनी संमती दिली नाही. हजेरीवर मोजले तर ९५ टक्के भरतात, पटावर मोजले तर ८६. दोन्ही आकडे खरे आहेत, परंतु पहिला आकडा लिहिला की गैरहजर बारा मुले हिशेबातून नाहीशी होतात आणि त्यांच्यासाठी पुन्हा कोणी येत नाही. म्हणून टक्के न लिहिता ‘पटावरील १२६ पैकी १०८ मुलांना लस टोचली, राहिलेल्या १८ मुलांसाठी पुढील सत्र उपकेंद्रात अमुक दिवशी’ असे लिहावे. ज्यांनी संमती दिली नाही त्यांची संख्या निराळी जाहीर करू नये. लहान गावात तीन म्हटले की कोणते तीन हे सर्वांना कळते.

शिबिराच्या दिवशी मोठ्या वर्गातील एखाद्या मुलीला रांगेतच भोवळ येते, ती पाहून दुसरीला येते. हे बहुधा भीतीने, उपाशीपोटी व उन्हात उभे राहिल्याने होते. आडवे निजविले की थोड्या वेळात बरे वाटते, आणि कधी कधी तर टोचण्यापूर्वीच भोवळ आलेली असते. परिचारिकेने पाहून तसे सांगितले तर ‘लशीमुळे विद्यार्थिनी बेशुद्ध’ असे कोणी लिहिण्यापूर्वी शाळेनेच त्याच दिवशी लिहावे: ‘दोन विद्यार्थिनींना रांगेत भोवळ आली. परिचारिकेने त्यांना तपासले. अर्ध्या तासाने दोघी वर्गात परतल्या.’ किती जणी, काय झाले, कोणी पाहिले, आता कशा आहेत, एवढेच. कारण निश्चित ठाऊक नसेल तर कारण लिहू नये.

शांतपणे लिहिणे म्हणजे झाकून ठेवणे नव्हे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात ३१ जानेवारी २०२१ रोजी, पोलिओ रविवारी, बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हातावर लावावयाचे सॅनिटायझर पाजले गेले. मुलांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि ती बरी झाली. चूक मोठी होती व ती सांगितलीच पाहिजे होती. परंतु ‘पोलिओ लशीमुळे बारा बालके रुग्णालयात’ असे त्या छायाचित्राखाली लिहिले तर ते असत्य होते, कारण त्या बारा जणांना त्या वेळी लस मिळालीच नव्हती. ‘पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजल्याने बारा बालके रुग्णालयात’ हे तेवढ्याच लांबीचे वाक्य खरे आहे, आणि त्यामुळे दोष चुकीवर राहतो, लशीवर जात नाही. फरक ‘मुळे’ आणि ‘ऐवजी’ या दोन शब्दांचा आहे.

शेवटी जुना कागद काढून टाकण्याविषयी. २०१८ च्या मोहिमेचे वय त्या मोहिमेपुरते होते. नित्याच्या लसीकरणात गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान व दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात. डिसेंबर २०२२ व जानेवारी २०२३ मध्ये राज्यात गोवराची साथ असताना पुन्हा विशेष फेऱ्या झाल्या, तेव्हा वयाची मर्यादा आधीच्या मोहिमेहून निराळी होती. त्या वेळी ज्या फलकावर चार वर्षांपूर्वीचा मजकूर तसाच असेल तेथे पालक दहा-बारा वर्षांची मुले घेऊन येणार आणि परत जाणार. म्हणून मजकुराच्या तळाशी ‘हा कागद अमुक तारखेपर्यंत’ असे लहान अक्षरांत लिहावे आणि त्या दिवशी संध्याकाळी तो उतरवून वहीत चिकटवावा. तापाविषयीच्या दोन ओळी मात्र वेगळ्या पट्टीवर लिहून शिबिरानंतर पंधरा दिवस फलकावर राहू द्याव्यात, कारण त्यांची गरज त्या वेळीच लागते.